दोन वर्षांनी पाठवलेला मेसेज: कुपवाडचा खोकी कारखानदार आणि तासगावचा बेदाणा व्यापारी

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा एक छोटा कारखाना आहे. त्याचे हिशेब आणि कराचे काम मी गेली अनेक वर्षे पाहतो. या कारखानदाराचे तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याशी चांगले संबंध होते. पंधरा किलो बेदाणा मावेल अशी खोकी दर हंगामात त्यांच्याकडे जात असत आणि पैसेही बहुतेक वेळा ठरल्या दिवशी येत असत. मग एका पावसाळ्यात बोलणे थांबले. भांडण झाले नाही, कोणी कोणाला तोडून बोलले नाही, तरीही सव्वादोन वर्षे दोघांत एक शब्दही झाला नाही. हा संपर्क पुन्हा जुळवताना आम्ही काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि कुठे चुकता चुकता वाचलो, ते पुढे लिहिले आहे. दोन्ही गृहस्थांची नावे दिलेली नाहीत. व्यापाऱ्यांना सगळे ‘अण्णा’ म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात कारखानदार माझ्या कार्यालयात आले. पाचपदरी खोक्यांसाठी नवे यंत्र बसले होते आणि त्याला पुरेसे काम नव्हते. त्यांनी मोबाईलवर लिहून ठेवलेला मसुदा मला दाखवला: “नमस्कार अण्णा, ओळखलंत का? खूप दिवस झाले, कामाच्या गडबडीत बोलणं राहूनच गेलं. आज तुमची आठवण आली म्हणून मेसेज केला. आम्ही आता नवीन मशीन घेतलं आहे. एकदा सेवेची संधी द्यावी.” खाली दरपत्रक जोडायचे होते. मजकूर नम्र होता आणि त्यात खोटेपणाचा हेतू नव्हता. पण तो वाचणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहिले की अडचण दिसते. ‘ओळखलंत का’ म्हटले की समोरच्याला परीक्षेला बसवल्यासारखे होते. ‘गडबडीत राहून गेलं’ हे कारण दोन वर्षांना पुरत नाही. ‘आठवण आली’ म्हटल्यावर पुढच्याच वाक्यात यंत्र येते, म्हणजे आठवण कशाची आली ते उघड होते. दोन वर्षांनी आलेला कोणताही मेसेज वाचणारा आधी मनात एकच प्रश्न विचारतो, ‘आत्ताच का?’ त्याचे खरे उत्तर मेसेजमध्ये नसेल, तर तो स्वतःच ते शोधतो, आणि त्याला सापडलेले उत्तर सहसा आपल्या बाजूचे नसते.

मी त्यांना तो मसुदा बाजूला ठेवायला सांगितला आणि अण्णांबरोबरचा जुना व्हॉट्सअॅप संवाद अगदी शेवटपर्यंत वर सरकवून वाचायला लावला. या प्रकरणातली सर्वात उपयोगी पायरी हीच ठरली.

शेवटची पाळी कोणाची होती

संवादात आधी दिवाळी, पाडवा आणि संक्रांतीच्या शुभेच्छांची चित्रे होती. ती सगळी कारखानदारांकडून गेलेली होती आणि एकाही चित्राला उत्तर नव्हते. त्यांच्या मते, ‘मी संपर्क ठेवलाच होता.’ पण ती चित्रे सगळ्यांना एकत्र पाठवलेली होती. अशी यादी करून पाठवलेला मेसेज ज्यांनी आपला क्रमांक साठवून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो आणि पोहोचला तरी तो आपल्यासाठी नाही हे घेणाऱ्याला कळते. संपर्क म्हणून त्यांची गणना करता येत नाही.

चित्रांच्या वर, ऑगस्ट महिन्यातला, अण्णांचा शेवटचा मेसेज होता. शीतगृहातल्या थप्पीचा एक फोटो होता. तळाच्या रांगेतली खोकी कोपऱ्यांवर दबून बसली होती आणि एकाच्या फाटलेल्या कडेतून प्लास्टिकची आतली पिशवी दिसत होती. खाली पाच शब्द होते: “बघा हो जरा हे काय.” त्याला कारखानदारांकडून काहीच उत्तर गेले नव्हते.

त्या आठवड्यात त्यांच्या आई मिरजेच्या रुग्णालयात होत्या. फोटो पाहिला, नंतर बघू म्हणून ठेवला, आठवड्याने लाज वाटली आणि महिन्याने काय लिहावे तेच सुचेना. मौन बहुतेक वेळा असेच सुरू होते. एका न दिलेल्या उत्तराला जितका उशीर होतो, तितके ते उत्तर जड होत जाते आणि शेवटी माणूस त्या विषयाभोवतीच नाही, तर त्या व्यक्तीभोवतीही वळसा घालून जाऊ लागतो.

म्हणून जुना संवाद उघडून पाहायची गोष्ट ही की शेवटची पाळी कोणाची होती. शेवटचा मेसेज आपला असेल आणि उत्तर त्यांनी दिले नसेल, तर त्या मौनाचा उल्लेखसुद्धा करू नये, कारण कितीही हळुवारपणे केला तरी तो जाब विचारल्यासारखा वाटतो. तिथे नवा आणि छोटा विषय घेऊन लिहावे. पण शेवटचा मेसेज त्यांचा असेल आणि पाळी आपली राहिली असेल, तर आपली सुरुवात त्या अर्धवट उत्तरापासूनच झाली पाहिजे. तिथे नवा विषय काढणे म्हणजे त्यांचे बोलणे दुसऱ्यांदा कानाआड करणे होय.

वहीतले २,२८० रुपये

मग मी टॅलीत अण्णांचे खाते उघडले. त्या हंगामात १,४०० खोकी गेली होती आणि करासह ३८ रुपये दर होता. शेवटच्या रकमेतून अण्णांनी ६० खोक्यांचे २,२८० रुपये कापून घेतले होते. कारखानदारांना हे माहीत होते आणि त्यांच्या मनात दोन वर्षे ‘माझे पैसे त्यांनी अडकवले’ असा एक सल होता. अण्णांच्या बाजूने पाहिले तर, ‘माल बसला, फोटो पाठवला, चौकशीही झाली नाही, म्हणून मीच काय ते वळते करून घेतले’ एवढीच गोष्ट असणार. येथे माझी चूक लिहिली पाहिजे. ती रक्कम दर मार्चला येणे म्हणून पुढे ओढली जात होती आणि ही बाकी कशाची आहे हे मी एकदाही विचारले नव्हते. विचारले असते तर तो फोटो पहिल्याच वर्षी समोर आला असता.

अशी लहान उघडी बाकी हे गोठलेल्या व्यावसायिक ओळखीतले नेहमीचे दुखणे आहे. रक्कम क्षुल्लक असते, म्हणून तिच्यासाठी फोन करणे दोघांनाही कमीपणाचे वाटते, आणि फोन होत नाही म्हणून ती मिटत नाही. जुन्या संपर्काला लिहिण्याआधी वही पाहायची ती याचसाठी. आपल्याकडून त्यांना देणे निघत असेल, तर आधी पैसे द्यावेत आणि मग मेसेज लिहावा, यात पर्याय नाही. आपले येणे असेल, तर ते मागायचे आहे की सोडायचे आहे हे लिहिण्याआधी पक्के ठरवावे, कारण ‘सेवेची संधी’ आणि ‘थकबाकी’ हे दोन्ही विषय मनात ठेवून लिहिलेला मेसेज कसाही लिहिला तरी संशयास्पद होतो.

पैसे सोडायचे की नाही हे ठरवायला दोष कोणाचा होता हे पाहणे भाग होते. उगाच सगळे पदरी घेऊन माफी मागणेही चुकीचे असते. ती समोरच्याला खरी वाटत नाही आणि पुढच्या व्यवहारात अंगाशी येते. आम्ही उत्पादनाची नोंदवही काढली. त्या खेपेत मधल्या पदराचा कागद ठरल्यापेक्षा हलका वापरला गेला होता, कारण त्या आठवड्यात नेहमीचा कागद आला नव्हता. शीतगृहातल्या दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो आणि त्याची वजन पेलण्याची ताकद बरीच उतरते. हलका कागद असेल तर थप्पीचा भार पहिल्यांदा तळाच्या रांगेत दिसतो. फोटोतही नेमके तेच दिसत होते. दोष आपला होता.

तेव्हा २,२८० रुपयांची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढे येणे कमी केल्याचा कागद, काढायचे ठरले. कायद्याच्या दृष्टीने तिची एक मर्यादा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे, पुरवठा ज्या आर्थिक वर्षातला आहे ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर तोपर्यंतच, क्रेडिट नोट दाखवून विक्रेत्याला आपला कर कमी करता येतो. ती मुदत केव्हाच उलटली होती. म्हणून कराला हात न लावता केवळ हिशेबापुरती नोट काढली आणि कराचा भार कारखानदारांनी सोसला. एवढ्या रकमेत तो फार नव्हता, पण मुद्दाम लिहितो, कारण दोन वर्षांपूर्वीची बाकी मिटवताना कर परत मिळेल असे अनेकांना वाटते.

वेळ आणि एक निरोप

बेदाण्याच्या व्यापारात वर्षाला स्वतःची लय आहे. जानेवारीपासून द्राक्षे उतरू लागतात, फेब्रुवारीपासून शेडवरचा नवा बेदाणा येतो, माल शीतगृहात जातो आणि वर्षभर सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, निघतो. दिवाळीच्या सुमारास सांगली-तासगावच्या बाजारात येणी-देणी शून्यावर आणण्यासाठी सौदे काही काळ बंद ठेवण्याची पद्धत आहे, तिला बाजारात ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. त्या दिवसांत जुन्या हिशेबाचा मेसेज गेला असता, तर तो वसुलीचा वाटला असता किंवा गर्दीत हरवला असता. फेब्रुवारीत प्रत्येक खोकीवाला फोन करतो, तेव्हा आपणही त्यांच्यातलेच एक ठरतो. हिशेब मिटून सौदे पुन्हा सुरू झाल्यानंतरचे आणि नव्या हंगामाची खोकी ठरण्याआधीचे काही आठवडे आम्हाला योग्य वाटले. शिवाय वह्या नुकत्याच मिटवल्या असल्याने ‘आत्ताच का’ या प्रश्नाला खरे उत्तर आपोआप मिळत होते: वही मिटवताना तुमची बाकी समोर आली.

पाठवण्याआधी आणखी एक चौकशी केली. दोन वर्षांत माणसाच्या घरात काय घडले असेल ते आपल्याला ठाऊक नसते. कारखान्याचा माल नेणारा टेम्पोवाला अजूनही आठवड्यातून दोनदा तासगावला जातो. त्याच्याकडून कळले की अण्णांचे थोरले बंधू वर्षापूर्वी गेले आणि खरेदीचे बरेचसे काम आता अण्णांचा मुलगा पाहतो.

बंधूंच्या निधनाचा उल्लेख मेसेजमध्ये करावा का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. कारखानदारांचे म्हणणे होते की सुरुवात त्यानेच करावी. मला ते पटले नाही. वर्षभरानंतर, स्वतःचे काम मनात असताना, दुःखाला बोलण्याचा दरवाजा करणे अण्णांना लागले असते. आपल्याकडे अशा वेळी घरी जाऊन भेटतात, आणि उशीर झाला असला तरी समोर बसून बोललेले चालते. म्हणून मेसेजमध्ये फक्त हिशेब ठेवावा आणि सांत्वन भेटीत व्हावे, असे ठरले. एखाद्या जवळच्या मित्राच्या बाबतीत मी कदाचित वेगळे सांगितले असते.

शेवटी गेलेला मेसेज असा होता:

“नमस्कार अण्णा, मी कुपवाडचा खोकीवाला. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तुम्ही बसलेल्या खोक्यांचा फोटो पाठवला होता, त्याला मी उत्तर दिलं नाही. चूक माझी. आमची नोंद तपासली, त्या खेपेत आमच्याकडून हलका कागद गेला होता. तुम्ही कापलेले २,२८० रुपये बरोबर होते. दिवाळीनंतर वही मिटवताना ती बाकी दिसली, आज खातं मिटवलं. तुमच्या हिशेबासाठी क्रेडिट नोट सोबत पाठवतो. तुम्ही काही करायचं नाही, फक्त कळवावं म्हणून लिहिलं.”

यंत्राचा शब्द नव्हता, दरपत्रक नव्हते, ‘भेटायला कधी येऊ’ हेही नव्हते. आईच्या आजारपणाचे कारण खरे असूनही गाळले, कारण कारण सांगितले की समोरच्याला ‘असू द्या हो’ म्हणण्याचे काम लागते. आधी फोन करावा का, हाही प्रश्न होता. पण फोन आला की अनोळखी क्रमांक ओळखण्यापासून काय बोलायचे इथपर्यंत सगळे त्याच क्षणी करावे लागते. मेसेज मात्र माणूस आपल्या सवडीने वाचतो. सौद्याचा वार टाळून दुपारी चारच्या सुमारास तो पाठवला.

येथे कोणी विचारील की त्यांना काम हवेच होते, मग ते लपवणे हा खोटेपणा नाही का. मी यावर विचार केला आहे. मेसेजमध्ये जे लिहिले ते सगळे खरे होते आणि काम मिळाले नसते तरी ती नोट मागे घेतली जाणार नव्हती. ही दुसरी अट मी कारखानदारांकडून आधीच कबूल करून घेतली होती. ती मान्य नसती, तर सरळ ‘आम्हाला काम हवे आहे’ असे लिहिणेच अधिक प्रामाणिक ठरले असते.

चार दिवस

निळ्या खुणा त्याच संध्याकाळी उमटल्या. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी कारखानदारांचा मला फोन आला, तिसऱ्या दिवशी दोनदा आला. “एक नमस्काराचा हात तरी टाकू का?” असे ते विचारत होते. मी नको म्हटले. दोन वर्षे उत्तर न देणाऱ्याने दोन दिवसांत उत्तराची घाई करणे बरे दिसत नाही. ‘तुम्ही काही करायचं नाही’ असे लिहून झाल्यावर आठवण करून देणे म्हणजे ते वाक्य खोडणेच होते.

या धास्तीबद्दल थोडे संशोधन झाले आहे. डॅनियल लेविन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किमान तीन वर्षे ज्यांच्याशी बोलणे नाही अशा जुन्या ओळखीच्या लोकांकडे आपल्या कामाबद्दल सल्ला मागायला कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना सांगितले होते. असा सल्ला उपयोगी ठरला आणि त्यात नवेपणाही होता, कारण मधल्या काळात ती माणसे वेगळ्या वर्तुळात वावरली होती, पण जुना विश्वास मात्र पुष्कळसा टिकून होता. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२च्या अभ्यासात असे दिसले की कोणी आपणहून विचारपूस केली की घेणाऱ्याला जितके बरे वाटते, त्याचा पाठवणाऱ्याला कमीच अंदाज असतो. या अभ्यासांतली माणसे तासगावच्या बाजारातली नव्हती आणि त्यांच्यात फाटलेल्या खोक्यांचा फोटोही नव्हता, त्यामुळे त्यांचा आधार मी बेताचाच घेतो. तरीही चौथ्या दिवशी कारखानदारांना थांबवताना तो माझ्या उपयोगी पडला.

पाचव्या दिवशी उत्तर आले: “मिळालं. बरं केलंत.”

कारखानदारांना ते कोरडे वाटले. मला तसे वाटले नाही. अण्णांची लिहिण्याची पद्धतच तशी होती, जुन्या संवादात ‘पाठवा’, ‘मिळालं’, ‘उद्या’ याहून मोठे वाक्य क्वचितच सापडत होते. अशा वेळी उत्तराची लांबी त्या माणसाच्या जुन्या सवयीशी ताडून पाहावी. नेहमी भरभरून लिहिणाऱ्याने एवढेच लिहिले असते, तर मी थांबायला सांगितले असते. ‘बरं केलंत’ हे दोन शब्द मात्र त्यांनी जादाचे लिहिले होते. त्यावर कारखानदारांनी एकच ओळ पाठवली: “पुढच्या आठवड्यात तासगावला येणं आहे, सौदा नसेल त्या दिवशी पाच मिनिटं भेटून जातो.” उत्तरात अंगठा आला.

भेटीला जाताना त्यांनी दरपत्रक नेले नाही. गाडीत नव्या खोक्याचा एक नमुना ठेवला, पण तो आत नेला नाही. आधी थोरल्या बंधूंविषयी बोलणे झाले. अण्णा बराच वेळ त्यांच्याबद्दल सांगत राहिले आणि कारखानदारांनी मध्ये कामाचा विषय काढला नाही. फोटोचा विषय अण्णांनीच काढला. ते म्हणाले, “पैशाचं काही नव्हतं हो. मला वाटलं, तुम्हाला आता आमची गरज राहिली नाही.” दोन वर्षे एकाला ‘पैसे अडकवले’ असे वाटत होते आणि दुसऱ्याला ‘गरज राहिली नाही’ असे.

चहा झाल्यावर अण्णांनीच विचारले, “सध्या काय चाललंय?” तेव्हा यंत्राचा उल्लेख झाला आणि नमुना गाडीतून आला. अण्णांनी तो हाताने दाबून पाहिला आणि मुलाला हाक मारली. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कारखानदारांचा जुना विश्वास अण्णांशी होता, पण निर्णय आता मुलाच्या हातात होता आणि त्याच्यासाठी हे गृहस्थ नवेच होते. जुनी ओळख तिथे फक्त खुर्चीपर्यंत पोहोचवते. मुलाने दराविषयी विचारले, सध्याच्या पुरवठादाराची खोकी दाखवली आणि ती ठीक आहेत हेही सांगितले. कारखानदारांनी त्या खोक्यांना नावे ठेवली नाहीत. त्यांनी फक्त शंभर खोकी चाचणीसाठी द्यायची तयारी दाखवली, ती नेहमीच्या दराने आणि अशा बोलीवर की ती थप्पीत तळालाच लावावीत. मुलगा त्याला राजी झाला. निघताना अण्णांनी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचे नाव सुचवले, ज्यांना परराज्यात माल पाठवायला जाड खोकी हवी होती. यंत्राला पहिले काम तिथूनच मिळाले.

तासगावचे काम अजून ठरलेले नाही. शंभर खोकी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शीतगृहात गेली. जानेवारीच्या मध्यावर अण्णांच्या मुलाने फोटो पाठवला. तळाच्या रांगेत कोपऱ्यातले एक खोके किंचित दबले होते, बाकीची सरळ उभी होती. खाली काहीच लिहिलेले नव्हते. कारखानदारांनी दहा मिनिटांत उत्तर लिहिले, “बघितलं. उद्या सकाळी येऊन ते खोकं उघडून पाहतो,” आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता ते शीतगृहाच्या दारात होते.